ताठ झालेला हात

"हात हलवला बघा त्यानं!" अतिदक्षता विभागाच्या काचेपाशी उभी असलेली आई आनंदानं म्हणाली. आत नर्स तिच्या मुलाच्या घशातला कफ नळीनं ओढून काढत होती. तेवढ्यात दोन तास निपचित पडलेल्या त्या मुलाचे दोन्ही हात अंगालगत सरळ ताठ झाले, तळवे बाहेरच्या बाजूला वळले, मनगटं मुडपली, पाय लांब होऊन पावलं नृत्यातल्यासारखी खाली टोकदार झाली. दात आवळले, मान मागे गेली. नळी बाहेर आली आणि काही क्षणांत सगळं अंग पुन्हा सैलावलं. आईला वाटलं, पोरगा जागा होतोय, आळस देतोय. शेजारच्या निवासी डॉक्टरनं घड्याळ पाहिलं आणि शस्त्रक्रियागृहाला फोन लावला.

हा मुलगा कोणी एक नाही. अशा बऱ्याच रुग्णांच्या तपशिलांतून मी तो उभा केला आहे, कारण शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला त्याची गरज पडते. त्याच्या हातांना जे झालं त्याला डॉक्टर 'डिसेरिब्रेट पोश्चर' म्हणतात. ते समजून घ्यायला आधी सव्वाशे वर्षं मागे, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला जावं लागतं.

चार्ल्स शेरिंग्टन तिथे प्राध्यापक होते. १८९८ साली त्यांनी एक निबंध छापला. मांजराला पूर्ण भूल देऊन त्यांनी त्याचा मेंदू मधोमध आडवा छेदला होता. छेद होता मध्यमेंदूत, म्हणजे मोठ्या मेंदूचे दोन गोलार्ध एका बाजूला आणि ज्याला आपण ब्रेनस्टेम किंवा मेंदूचा देठ म्हणतो त्याचा खालचा भाग दुसऱ्या बाजूला, असा. वेदना जाणणारा मेंदूच तुटल्यामुळे पुढे भूल चालू ठेवायची गरज उरत नव्हती. भूल उतरू लागली तसं ते जनावर लुळं पडण्याऐवजी ताठ होत गेलं. चारही पाय खांबासारखे सरळ, मान उचललेली, शेपटी वर. धरून उभं केलं तर ते लाकडी घोड्यासारखं उभं राहायचं. ढकललं तर तसंच्या तसं आडवं व्हायचं, सावरायचं मात्र नाही.

ताठरपणा सगळ्या स्नायूंत सारखा नव्हता, हे शेरिंग्टन यांच्या नजरेनं टिपलं. पाय सरळ करणारे स्नायू आवळले होते, वाकवणारे जवळजवळ मोकळे होते. मान वर धरणारे, जबडा मिटलेला ठेवणारे आणि शेपटी उचलणारे स्नायूही आवळलेले. यादी वाचली की लक्षात येतं, की गुरुत्वाकर्षण ज्या सांध्यांना खाली ओढतं त्यांना वर धरणाऱ्या स्नायूंचीच ती यादी आहे. मांजर ताठ झालं नव्हतं, ते उभं होतं. जरा जास्तच उभं होतं.

ही कल्पना खरी की नुसती शब्दांची कसरत, हे ताडून पाहायला एक फार सुंदर प्रयोग पुढे झाला. १९२६ साली अमेरिकेत रिक्टर आणि बार्टेमायर या दोघांनी तोच छेद स्लॉथवर घेतला. स्लॉथ हा दक्षिण अमेरिकेतला संथ प्राणी आयुष्य काढतो तेच मुळी झाडाला उलटं लटकून. त्याला जमिनीकडे ओढणाऱ्या बळाशी झुंजायचं तर पाय वाकवलेलेच ठेवावे लागतात. छेदानंतर स्लॉथमध्ये आवळले ते वाकवणारे स्नायू. छेद तोच, पण ज्या प्राण्याचं 'उभं राहणं' जसं, तसा त्याचा ताठरपणा.

आता प्रश्न असा की मेंदूचा मोठा भाग काढून टाकल्यावर स्नायूंचा ताण कमी व्हायला हवा, तो वाढतो कसा? नुसता तोडल्यानं नवा जोर कुठून आला?

जोर नवा नव्हताच. मेंदूच्या देठात दोन व्यवस्था कायम शेजारी शेजारी काम करत असतात. एक मज्जारज्जूतल्या चेतापेशींना सारखं 'धर, धर' सांगते. कानाच्या आतल्या तोलाच्या यंत्रणेकडून आलेली खबर वेस्टिब्युलर केंद्रं घेतात आणि खाली पाठवतात, शिवाय देठाच्या मधल्या भागातलं, 'पॉन्स'मधलं, चेतापेशींचं विरळ जाळं त्यात भर घालतं. दुसरी व्यवस्था त्याखाली लंबमज्जेत आहे आणि ती 'सोड, सोड' सांगते. १९४६ साली मॅगून आणि ऱ्हाइन्स यांनी तिची जागा दाखवून दिली. गंमत अशी की ही सोडायला सांगणारी व्यवस्था स्वतःहून फारसं काही करत नाही. मोठ्या मेंदूकडून आणि लहान मेंदूकडून हुकूम आला तरच ती काम करते. 'धर' म्हणणारीला मात्र हुकमाची वाट पाहावी लागत नाही, कारण अंगाकडून आणि कानाकडून येणाऱ्या खबरा तिला सतत जाग्या ठेवतात. मध्ये छेद घेतला की सोडणारीचा हुकूमदाता गेला आणि धरणारी एकटी उरली. गाडीचं इंजिन चालूच होतं, फक्त ब्रेकवरचा पाय निघाला.

वर्गात हे सांगितलं की एखादी मुलगी विचारतेच, मग हा जोर स्नायूपर्यंत पोचतो कुठल्या वाटेनं? याचं उत्तरही शेरिंग्टन यांच्याच हातून मिळालं. ताठ झालेल्या मांजराच्या एका पायाकडून मज्जारज्जूत येणाऱ्या संवेदनांच्या मुळ्या त्यांनी कापल्या. स्नायूला हुकूम नेणाऱ्या नसांना हातही लावला नव्हता. तरी तो पाय सैल पडला! म्हणजे ताठरपणा वरून थेट ओतला जात नव्हता. तो स्नायूतून मज्जारज्जूकडे आणि तिथून परत स्नायूकडे, असा फेरा मारत होता.

या फेऱ्याचं मूळ स्नायूच्या पोटात आहे. तिथे चातीच्या आकाराचे बारीक अवयव असतात. स्नायू ताणला गेला की चातीही ताणली जाते, तिची खबर मज्जारज्जूत जाते आणि तिथून लगेच त्याच स्नायूला आवळायचा हुकूम निघतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात तेव्हा पाय झटकन उडतो तो यामुळेच. या चातीच्या दोन्ही टोकांना बारीक तंतू असतात आणि त्यांच्यासाठी वेगळ्या चेता येतात, त्यांना गॅमा चेता म्हणतात. सतारीची खुंटी पिळावी तसं या चेता चातीला आतून ताणून ठेवतात. मेंदूच्या देठातली 'धर' म्हणणारी व्यवस्था मुख्यतः ही खुंटी पिळते. चाती इतकी ताणली जाते की स्नायू जराही ओढला गेलेला नसताना ती 'ओढला, ओढला' असं कळवत राहते आणि स्नायू इमानानं आवळत राहतो. संवेदनेची मुळी कापली की खोटी खबर पोचणंच बंद होतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. मांजराच्या मेंदूला छेद देण्याऐवजी त्याचा रक्तपुरवठा बांधून टाकला तर लहान मेंदूचा पुढचा भागही मरतो, आणि तेव्हा येणारा ताठरपणा मुळ्या कापूनही जात नाही. तिथे वरचा जोर चातीला वळसा घालून स्नायूच्या मुख्य चेतापेशींवरच पडतो. म्हणजे वाटा दोन आहेत. माणसाच्या बाबतीत दर वेळी कुठली किती उघडली, हे पलंगाशेजारी उभं राहून सांगता येत नाही.

आणखी एक छेद महत्त्वाचा. तोलाची केंद्रं ज्या पातळीवर आहेत त्याच्या खाली मेंदूचा देठ कापला, तर मांजर ताठ राहत नाही, लुळं पडतं. 'धर' म्हणणारीही आता तुटलेली असते. हा क्रम लक्षात ठेवा, आपल्या मुलाकडे परतल्यावर लागेल.

ही सगळी यंत्रणा निरोगी माणसात दिसतच नाही असं नाही. दोन-तीन महिन्यांचं बाळ उताणं पडलेलं असताना मान एका बाजूला वळवतं, तेव्हा त्या बाजूचा हात सरळ होतो आणि दुसरा कोपरात वाकतो, बाण सोडायच्या बेतात असल्यासारखा. मानेच्या स्थितीवरून हातपायांचा ताण ठरवणारे असे प्रतिक्षेप उट्रेख्टच्या रुडॉल्फ मॅग्नस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मेंदू छेदलेल्या प्राण्यांत बारकाईनं तपासले. बाळ साधारण सहा महिन्यांचं होईतो मोठा मेंदू त्यांना आवर घालतो. रग्बी किंवा फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला जोराचा मार बसलेला खेळाडू एक हात पुढे ताठ करून पडतो, तेव्हाही काही सेकंद तेच जुनं दृश्य दिसतं. आणि अर्धांगवायूतून उठलेला शेजारी छातीशी मुडपलेला हात आणि अर्धवर्तुळ काढत टाकलेला ताठ पाय घेऊन सकाळी फिरायला निघतो, ते याच कुळातलं आहे. फक्त तिथे आवर एकाच बाजूचा आणि थोडाच सुटलेला असतो.

मुडपलेल्या हातावरून दुसऱ्या शब्दाकडे येऊ: डिकॉर्टिकेट. कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल. मोठ्या मेंदूवरचा सुरकुत्यांचा थर सालीसारखा, म्हणून त्याला ते नाव. डिकॉर्टिकेट म्हणजे साल सोललेला. या स्थितीत रुग्णाचे हात कोपरात वाकून छातीवर येतात, मुठी वळतात, पाय मात्र ताठच. पुस्तकातलं स्पष्टीकरण असं की इजा मध्यमेंदूच्या वर आहे, त्यामुळे मध्यमेंदूतलं लाल केंद्र, म्हणजे रेड न्यूक्लियस, शाबूत आहे आणि ते हात वाकवणाऱ्या स्नायूंना बळ देतं. इजा त्याच्या खाली सरकली की ते बळ जातं आणि हातही ताठ होतात.

हे स्पष्टीकरण परीक्षेत लिहायला सोयीचं आहे. मला मात्र ते पूर्ण पटत नाही. लाल केंद्रातून मज्जारज्जूकडे जाणारा चेतामार्ग मांजरात दणकट असतो, माणसात अगदी किरकोळ. शिवाय नावातच गफलत आहे. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख गोल्ट्झ यांनी १८९२ साली मोठा मेंदू काढलेल्या एका कुत्र्याची हकीकत छापली. तो कुत्रा अठरा महिने जगला. तो चालत असे, झोपत आणि जागा होत असे, डिवचलं तर गुरगुरत असे. 'साल सोललेला' कुत्रा चालतो आणि माणूस ताठ पडतो, याचं कारण असं की माणसाच्या मेंदूचा देठ आपल्या वरच्या अधिकाऱ्यावर फार जास्त अवलंबून झाला आहे. शिवाय माणसाला ही स्थिती येते ती सालीच्या सुबक सोलण्यानं नाही, सूज आणि रक्ताच्या दाबानं. किनियर विल्सन यांनी १९२० साली माणसातल्या या ताठरपणावर लिहिलं आणि प्रयोगशाळेतला शब्द रुग्णालयात रुजत गेला. त्याबरोबर प्रयोगशाळेची रेखीवताही रुजली, जी खाटेवर सापडत नाही. एकाच रुग्णाचा एक हात वाकतो, दुसरा ताठ होतो. सकाळी एक दिसतं, दुपारी दुसरं.

आता त्या रात्रीकडे. पोरगा चोवीस वर्षांचा, वजन साठ किलो. रात्री साडेनऊला मोटारसायकल घसरली. हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं. डाव्या कानशिलावर मार. उठून बसला, घरी फोन केला, तालुक्याच्या दवाखान्यात नाव-गाव नीट सांगितलं. तासाभरानं उलटी झाली, डोकं ठणकू लागलं, मग सुस्ती. शहराच्या रुग्णालयात पोचला तेव्हा बारा वाजत आले होते.

अशा रुग्णाची बेशुद्धी मोजायला ग्रेहॅम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली दिलेली ग्लासगो कोमा स्केल वापरतात. डोळ्यांना चारपैकी, बोलण्याला पाचपैकी आणि हालचालीला सहापैकी गुण. हालचालीचे गुण आपल्या कामाचे. सांगितलेलं ऐकून हात उचलला तर ६. भुवईवरच्या हाडाच्या कंगोऱ्यावर अंगठ्यानं दाब दिला आणि त्याचा हात गळ्याच्या हाडापेक्षा वर, दाबाच्या जागेकडे आला तर ५. जागा सापडली नाही, पण बोटाच्या नखावर दाब देताच त्यानं हात झटकन अंगापासून दूर काढून घेतला तर ४. हात संथपणे, साच्यातून काढल्यासारखा छातीवर वाकला, मूठ वळली आणि पाय ताठ झाला तर ३. कोपर सरळ झालं तर २. काहीच नाही तर १. चार आणि तीन यांतला फरक नवशिक्याला चकवतो. दोन्हींत कोपर वाकतंच, पण चारमधली हालचाल चपळ आणि दर वेळी जराशी निराळी असते, तीनमधली प्रत्येक वेळी तशीच. तीन आणि दोन म्हणजे शेरिंग्टन यांच्या मांजराचे वारस.

बारा वाजता मुलगा दाब दिल्यावर डोळे उघडत होता, नुसता कण्हत होता आणि त्यानं डॉक्टरांचा अंगठा भुवईवरून बाजूला सारला. दोन, दोन आणि पाच, एकूण नऊ. सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला कवटी आणि मेंदूचं वेष्टन यांच्यामध्ये भिंगाच्या आकाराची गुठळी दिसली. कानशिलाचं पातळ हाड तडकून त्याच्या आतून जाणारी धमनी फाटली होती. रक्त धमनीचं, म्हणून दाब वाढतच जाणार.

पावणेएकला डावी बाहुली मोठी झाली आणि टॉर्चच्या उजेडाला आकसेना. मेंदूचा कानशिलाजवळचा भाग आत सरकून डोळ्याकडे जाणाऱ्या नसेला दाबत होता. आता दाब दिल्यावर डावा हात छातीवर वाकला आणि उजवा ताठ झाला. गुठळी डावीकडे, म्हणून आधी उजवं अंग. कोष्टकात चांगल्या हाताचे गुण धरायचे असतात, म्हणून हालचालीला तीन, पण शहाणा डॉक्टर दोन्ही हातांची नोंद वेगळी ठेवतो. नाडी मंदावली होती, रक्तदाब चढला होता. डोक्याची बाजू तीस अंश उचलली आणि वीस टक्क्यांचं मॅनिटॉल शिरेतून सोडलं, किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे साठ किलोला तीनशे मिलिलिटर. ते मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेऊन थोडा वेळ विकत घेतं, गुठळी काढत नाही. त्यानंतर काही मिनिटांत दोन्ही हात ताठ झाले. एक, एक आणि दोन, एकूण चार. आईनं काचेतून पाहिलं ते हे. छेद वरून खाली सरकत होता, फक्त सुरीच्या जागी दाब होता. याच्या पुढची पायरी लुळेपणाची. बेशुद्ध रुग्णाचा ताठरपणा औषधावाचून अचानक सैल पडला तर घरच्यांना हायसं वाटतं. डॉक्टरला वाटत नाही.

इथे चुका होतात त्या तीन ठिकाणी. पहिली चूक आकडीची. कफ काढताना, कूस बदलताना अंग ताठ झालं की झटका आला असं समजून झटक्याची औषधं दिली जातात. डिवचल्यावर येणारा आणि डिवचणं थांबताच ओसरणारा, लयीत झटके नसलेला ताठरपणा बहुधा झटका नसतो. अर्थात शंका राहिली तर मेंदूचा आलेख काढावा लागतो. दुसरी चूक गावाकडे अजून ऐकू येते, 'धनुर्वात झाला.' धनुर्वातातही अंग कमानीसारखं होतं, दातखीळ बसते. पण त्यात जंतूचं विष आवर घालणाऱ्या चेतापेशींनाच गप्प करतं आणि मोठा मेंदू जागा असतो. रुग्ण पूर्ण शुद्धीत ते सगळं भोगतो. डोळ्यांत ओळख आहे की नाही, एवढ्यानंही पुष्कळ कळतं.

तिसरी चूक सगळ्यांत क्लेशाची, कारण ती टाळायला एक थेंब रक्त पुरतं. डिसेरिब्रेट ताठरपणा म्हणजे मेंदूचा देठ कायमचा गेला, असं मनाशी धरणं. रक्तातली साखर फार उतरली किंवा यकृत निकामी होऊन रक्तात विष साचलं, तरी हुबेहूब हेच दृश्य दिसू शकतं. कुठे गुठळी नाही, कुठे काही तुटलेलं नाही, वरच्या पेशींचं इंधन तेवढं संपलेलं असतं. मधुमेहाची गोळी घेऊन न जेवता झोपलेली आजी ताठ होऊन आली, तर स्कॅनच्या आधी बोटाला सुई टोचून साखर पाहायची. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर तेच ताठ हात मोकळे होताना मी पाहिले आहेत. उशीर झाला तर मात्र होत नाहीत.

मुलाची कवटी सव्वा वाजता उघडली. गुठळी काढून फाटलेली धमनी बंद केली. त्यानंतर पहाटेपर्यंत हातांना गुण देण्यात अर्थ नव्हता. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध अंगात असताना दोन, तीन, पाच सगळे आकडे खोटे, आणि घशात नळी असल्यानं बोलण्याची परीक्षाही होत नाही. औषधं थांबवली, ती उतरायला वेळ दिला. सात वाजता डावी बाहुली उजेडाला आकसू लागली होती. डॉक्टरनं भुवईवर अंगठा ठेवला. उजवा हात आधी छातीपर्यंत आला, तिथे थबकला, मग आणखी वर सरकला आणि त्यानं डॉक्टरचं मनगट धरून बाजूला लोटलं.

काचेबाहेर आई ओशाळली. "असा नाहीये हो तो," ती नर्सला म्हणाली, "डॉक्टरांना ढकललं, त्यांना राग नाही ना आला?"

आत डॉक्टर कागदावर पाचचा आकडा लिहीत होता.